चिकन-मटण आदल्या दिवशी मुरवताय? या चुका टाळा

रविवारी पाहुणे जेवायला असले की बहुतेक घरांत शनिवारीच चिकन किंवा मटण आणून मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवलं जातं. हेतू दोन असतात. रविवारची धावपळ कमी व्हावी आणि मसाला आतपर्यंत मुरावा. पहिला हेतू साधतो. दुसऱ्याबाबत मात्र मोठा गैरसमज आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

आलं-लसूण, तिखट, गरम मसाला, कोथिंबीर-मिरचीचं हिरवं वाटण, यांतलं काहीही मांसात फार खोल शिरत नाही. चोवीस तास ठेवा किंवा अठ्ठेचाळीस, हे सगळं वरच्या काही मिलिमीटरांतच राहतं. खोलवर जातं ते मीठ. मीठ आधी मांसातलं थोडं पाणी बाहेर ओढतं, मग ते खारट पाणी हळूहळू परत आत जातं आणि मांसातली प्रथिनं अशी सैल होतात की शिजतानाही ती पाणी धरून ठेवतात. रात्रभर ठेवलेल्या चिकनचं सुकं रसदार लागतं ते त्यामुळे. रात्रभराचं काम मिठाचं आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की आदल्या दिवशी काय लावायचं आणि काय राखून ठेवायचं, हा प्रश्न सुटतो.

सगळा मसाला आदल्या दिवशीच लावणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. दही, लिंबू, पपई, वाटण, तेल सगळं एकदम कालवलं आणि डबा फ्रिजमध्ये गेला. यातल्या प्रत्येक गोष्टीचा वेग वेगळा असतो.

लिंबाचा रस आणि व्हिनेगर फार आंबट असतात. चिकनवर लिंबू पडलं की अर्ध्या-पाऊण तासात वरचा भाग पांढुरका दिसायला लागतो. आम्लाने प्रथिनं आवळली जातात आणि आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. तासाभरासाठी हे चालतं, थोडी आंबट चव येते. रात्रभर तेच चालू राहिलं की वरचा थर पिठूळ होतो. शिजवल्यावर तो दाताखाली भुगा होतो आणि आतलं मांस कोरडं लागतं. छातीच्या तुकड्यांवर हे सर्वांत आधी दिसतं, कारण त्यात चरबी जवळपास नसते. तंगडी जरा जास्त तग धरते. आणखी एक, लिंबाने पांढरं पडलेलं चिकन शिजलेलं नसतं. त्यातले जंतू मेलेले नसतात. रंग बदलला म्हणून कमी शिजवून चालत नाही.

दही लिंबापेक्षा पुष्कळ सौम्य. ताज्या, गोडसर दह्यात चिकन रात्रभर सहज राहतं. आंबटढाण दह्यात राहत नाही. दही पातळ असेल तर सकाळी डब्याच्या तळाशी पाणी साचतं आणि मसाला तुकड्यांवरून सुटून खाली बसतो. म्हणून दही फडक्यात अर्धा तास टांगून, चक्क्यासारखं करूनच लावावं.

कच्च्या पपईचा प्रकार निराळा. तिच्यातला पापेन हा घटक प्रथिनांचे तुकडे करतो. फ्रिजच्या गारव्यात तो मंद असतो, पण थांबत नाही. त्याचा खरा जोर साधारण 60 ते 70 अंशांना असतो, म्हणजे मांस शिजायला लागतं तेव्हा. त्यामुळे पपई जास्त झाल्याचं फ्रिजमधून काढताना नीट कळतच नाही. भांड्यात टाकल्यावर बघता बघता वरचा थर लगदा होतो आणि हाडाजवळचं मटण मात्र चिवटच राहतं, कारण पपईही आतपर्यंत पोहोचलेली नसते. एक किलो मटणाला सालासकट वाटलेली पपई एक मोठा चमचा पुष्कळ झाली, आणि तीही शिजवण्यापूर्वी दोन-तीन तासच. सालाजवळ चीक जास्त असतो, म्हणून साल काढून घेतल्यास जोर कमी पडतो. ब्रॉयलर चिकनला पपईची मुळीच गरज नाही. तो पक्षी इतका कोवळा असतो की मऊ करण्यासारखं त्यात काही नसतं. आल्यातही असाच एक घटक आहे, पण किलोला एक-दीड चमचा आल्याने एका रात्रीत बिघडत नाही.

ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि कच्च्या कांद्याचं वाटण, ही दोन्हीही आदल्या दिवशी लावू नयेत. ओलं खोबरं फ्रिजमध्येही लवकर उतरतं आणि वाटलेला कच्चा कांदा ठेवल्याने कडवट होतो. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण वेगळ्या डब्यात ठेवा आणि रस्सा करताना घाला. मांसाला लावून त्याचा काही उपयोगही होत नाही.

मग आदल्या दिवशी उरतं काय? मीठ, हळद आणि हवं तर थोडी लसूण. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत मटण आणल्यावर ‘मीठ-हळद लावून ठेव’ एवढंच सांगत, आणि तेवढंच योग्य होतं. फक्त हळदीवर जास्तीचा भरवसा नको. हळद लावली म्हणजे मांस टिकतं असं नाही. टिकवण्याचं काम गारव्याचं.

गार होईपर्यंत ओट्यावर ठेवणं

आपल्याकडे चिकन बहुधा समोर कापून मिळतं. जिवंत कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे पिशवीतलं मांस घरी येतं तेव्हाही कोमट असतं. ‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ या सवयीने ते ओट्यावर राहतं, मग मसाला वाटला जातो, मध्येच फोन येतो आणि दोन तास निघून जातात. जंतू भराभर वाढतात ते साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान. कच्चं मांस सगळं मिळून दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. खोलीत 32 अंशांच्या वर उकाडा असेल, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो असतोच, तर एक तास. दुकानापासून घरापर्यंतचा वेळही यातच धरायचा.

फ्रिजमध्ये गेल्यावरही काम संपत नाही. किलोभर कोमट चिकन खोल पातेल्यात दाबून भरलं आणि वर दह्याचा जाड थर दिला, तर पातेलं बाहेरून गार लागतं पण मधले तुकडे तासन् तास कोमटच राहतात. म्हणून पातेलं नको, पसरट डबा घ्या. तुकड्यांचा थर दोन इंचांपेक्षा जाड नसावा. दोन किलो असेल तर दोन डबे करा. पहिले दोन तास डब्याच्या चारही बाजूंनी हवा खेळेल अशी जागा सोडा. दुकानातली काळी पिशवी तशीच फ्रिजमध्ये सरकवू नका. ती गळते आणि आतलं मांस गोळा होऊन राहतं.

भांडं स्टीलचं, काचेचं, चिनी मातीचं किंवा खाण्याच्या पदार्थांसाठीच्या चांगल्या प्लास्टिकचं. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ-तांबं आंबट मसाल्याशी रिअ‍ॅक्ट होतं, चव धातूसारखी होते आणि रंग काळवंडतो.

फ्रिज खरंच किती गार आहे, हे न पाहणं

कच्चं मांस 4 अंशांना किंवा त्याखाली राहायला हवं. फ्रिजच्या बटणावरचे 1 ते 5 हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जेवढा मोठा तेवढा गारवा जास्त. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी फ्रिज उघडल्या उघडल्या त्या पाण्याचं तापमान बघा. 7-8 अंश आले तर त्या फ्रिजमध्ये चिकन दीड-दोन दिवस ठेवण्याचा बेत सोडून द्या. आधी बटण वाढवा, भरलेली भांडी कमी करा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा.

एकदारी जुन्या धाटणीच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालचा ट्रे सर्वांत गार असतो. दोनदारी फ्रिजमध्ये बहुधा मागची बाजू. दाराचा कप्पा कधीच नाही. कच्चं मांस सर्वांत खाली ठेवावं असं सांगतात, त्याचं कारण गळती: खालच्या कोशिंबिरीत किंवा दुधात थेंब पडला की ते कच्चंच पोटात जातं. गार जागा वर असेल आणि गळतीची भीती असेल, तर घट्ट झाकणाचा, काठ उंच असलेला डबा घ्या आणि त्याखाली ताट ठेवा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल आणि डब्यातलं मांस 4 अंशांच्या वर गेलं असेल, तर दोन तासांचा तोच नियम पुन्हा लागू होतो.

चिकन आणि मटणाला एकच हिशेब लावणं

चिकन कापल्यापासून दोन दिवसांत शिजलं पाहिजे. दही लावलेलं असेल तर मी चोवीस तासांपुढे जाऊ देत नाही. सुरक्षेपेक्षा ते चवीसाठी आहे, त्यापुढे छातीचे तुकडे पिठूळ व्हायला लागू शकतात. लिंबू किंवा व्हिनेगर असेल तर तीन-चार तास, बस.

मटणाचे तुकडे मीठ-हळदीत तीन दिवस चालतात. उलट एक रात्र फ्रिजमध्ये राहिलेलं मटण ताज्यापेक्षा चांगलं शिजतं, आणि यात मसाल्याचा वाटा नाही. बोकड कापल्यावर काही तासांनी त्याचे स्नायू आखडतात आणि ते पुन्हा सैल व्हायला दिवसभर लागतो. सकाळी कापलेलं मटण दुपारी कुकरमध्ये घातलं आणि सहा शिट्ट्यांनंतरही चिवट राहिलं, तर त्यात बोकडाच्या वयाबरोबर या आखडण्याचाही हात असतो. पपई घालून ते सुधारत नाही, आदल्या दिवशी आणल्याने सुधारतं. याच कारणाने अगदी ताजं मटण थेट फ्रीझरमध्ये टाकू नये. आधी रात्रभर खालच्या कप्प्यात आणि मग फ्रीझरमध्ये.

खिमा मात्र मटणाचा असला तरी एक दिवस. यंत्रातून निघताना त्याचा सगळा भाग हवेला आणि हाताला लागलेला असतो, म्हणून तो लवकर बिघडतो. कलेजी त्याच दिवशी करावी आणि तिला आधीपासून आंबट लावू नये, ती भुसभुशीत होते.

सकाळी डबा उघडल्यावर घाबरणं, किंवा अजिबात न घाबरणं

काही गोष्टी दिसायला विचित्र पण निरुपद्रवी असतात. तळाशी गुलाबीसर पाणी साचलं असेल तर ते मिठाने ओढलेलं मांसाचंच पाणी. ते फेकू नका, मांसाबरोबर भांड्यात जाऊ द्या, त्यात मीठ आणि चव दोन्ही असतात. लसणीचे कण निळसर-हिरवे झाले असतील तर ती आंबटाशी झालेली लसणीचीच क्रिया आहे, खायला हरकत नाही. मटण वरून तपकिरी आणि आतून लाल दिसलं तर तो हवेचा परिणाम.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. तुकडा उचलल्यावर बोटांना बुळबुळीत तार लागली, झाकण फुगलेलं असलं, मसाल्यात बुडबुडे दिसले किंवा कुबट, अमोनियासारखा वास आला, तर सगळं टाकून द्यायचं. धुऊन, जास्त मसाला घालून वाचवायचं नाही. अडचण अशी की आलं-लसूण आणि गरम मसाल्याच्या वासाखाली बिघडलेला वास लपतो. मीठ-हळदीतलं मांस चटकन कळतं. आदल्या दिवशी मसाला कमी लावण्याचा हाही एक फायदा. आणि वास आला नाही म्हणजे सुरक्षित, असंही नाही. वास सोडणारे जंतू वेगळे, पोट बिघडवणारे वेगळे. साल्मोनेलाचा वास येत नाही. म्हणून तास आणि तापमान यांवरच विसंबायचं.

‘शिजलं की सगळं मरतं’ हे अर्धंच खरं आहे. जंतू मरतात, पण बाहेर ताटकळलेल्या मांसात काही जंतूंनी सोडलेलं विष उकळल्यानेही जात नाही. हातावरच्या जखमेतून, नाकातून मांसावर येणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यांतलाच. बोट कापलेलं असेल तर मसाला दुसऱ्याला चोळू द्या.

धुण्याची आणि चाखण्याची सवय

चिकन धुतल्याने जंतू जात नाहीत, नळाच्या पाण्याबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. हाडांची कणी आणि रक्त काढायचंच असेल, तर खोल पातेल्यात पाणी घेऊन तुकडे त्यात अलगद हलवा, धार सोडू नका, मग चाळणीत पूर्ण निथळा. ओलं चिकन मसाला धरत नाही. नंतर सिंक आणि ओटा साबणाने धुवा. मिठाचा अंदाज मसाला मांसाला लावण्यापूर्वी चाखून घ्या. एकदा कच्चं मांस लागलं की तो मसाला कच्चा चाखायचा नाही. डब्यात उरलेला मसाला भाजत आलेल्या कबाबांवर ब्रशने लावण्याआधी चांगला खळखळून उकळून घ्यायचा.

एक पूर्ण उदाहरण: रविवारी दुपारी एकचं जेवण

एक किलो हाडांसकट चिकन, शनिवारी संध्याकाळी सहाला आणलं. अर्ध्या तासात धुऊन निथळलं. त्याला सपाट दोन चहाचे चमचे बारीक मीठ, म्हणजे 10 ते 12 ग्रॅम, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा लसूण ठेचा. हाताने प्रत्येक तुकडा चोळायचा, तंगडीला हाडापर्यंत दोन चिरा द्यायच्या. चिरांमुळे मसाला खरोखर आत जातो, ते काम तास वाढवून होत नाही. पसरट डब्यात एका थरात लावून सातच्या आत फ्रिजमध्ये.

रविवारी सकाळी नऊला डबा काढून त्यात अर्धी वाटी टांगलेलं दही, एक चमचा आलं, तिखट, धने-जिरे पूड आणि दोन चमचे तेल. मीठ पुन्हा नाही. डबा परत फ्रिजमध्ये. साडेअकराला बाहेर काढायचा, वीस मिनिटं ठेवायचा. फ्रिजमधून काढलेली थंड तंगडी थेट तापल्या भांड्यात टाकली तर बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. लिंबू उतरवल्यावर वरून. रश्श्याचं मीठ वाटण आणि पाणी पडल्यावर चाखून, कारण चिकनमध्ये त्याचं त्याचं मीठ आधीच आहे. चिकन जाड भागात 74 अंशांना शिजतं. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ शिजल्यावरही लालसर रंग राहू शकतो, त्यामुळे शंका असेल तेव्हा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा.

आता समजा, शनिवारी सकाळीच दही-लिंबू-पपई सगळं लावून झालंय आणि पाहुण्यांनी बेत सोमवारवर ढकलला. सोमवारपर्यंत ते फ्रिजमध्ये ठेवणं ही सर्वांत वाईट निवड. निरोप शनिवारी दुपारपर्यंत आला, तर लगेच पसरट पिशवीत भरून हवा काढून फ्रीझरमध्ये टाका. गोठल्यावर आंबट आणि पपई या दोघांचंही काम जवळपास थांबतं. रविवारी दुपारी ती पिशवी ताटात ठेवून खालच्या कप्प्यात सोडा, पातळ थर असल्यास सोमवार सकाळपर्यंत सुटते. ओट्यावर ठेवून सोडवायचं नाही. सुटल्यावर त्याच दिवशी शिजवायचं आणि पपई आधीच आत असल्याने आणखी ताटकळत ठेवायचं नाही.

निरोप रविवारी सकाळी आला असेल तर गोठवण्यात अर्थ नाही, वरचा थर तोवर सैल झालेला असतो. तेव्हा ते रविवारीच शिजवा. त्याची तंदुरी किंवा जास्त वेळ रटरटणारा रस्सा करू नका, तुकडे विरघळतील. जादा मसाला हाताने निपटून काढा, जाड तव्यावर तेल चांगलं तापवून तुकडे एकेक करून ठेवा आणि खालची बाजू पक्की होईपर्यंत हलवू नका. मग उलटवून, झाकण ठेवून मंद आचेवर आतपर्यंत शिजवा. निपटलेला मसाला वेगळा परतून, पाण्याचा हबका मारून, खळखळ उकळून वरून घाला. शिजलेलं चिकन गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं की सोमवारी वाफ येईपर्यंत गरम करून पाहुण्यांना निर्धास्त वाढता येतं.